पिपांतले उंदीर आणि सोळा मात्रा

मराठी कवितेत आधुनिकता नेमकी कुठे सुरू झाली, असा प्रश्न निघाला की बोट बहुतेक वेळा एकाच कवितेकडे जाते. बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहातली मेलेल्या उंदरांची कविता. तिच्यामुळे परंपरा तुटली, छंद मोडले, मुक्तछंदाला वाट मिळाली, असे वर्गात सांगितले जाते आणि परीक्षेत लिहिले जाते. या विधानातला पहिला तुकडा वादाचा आहे. दुसरा मात्र मोजून पाहता येतो, आणि मोजला की तो चुकीचा ठरतो. म्हणून 'मुक्तछंद म्हणजे तुटणे की चालू राहणे' या जुन्या वादासाठी ही एकच कविता प्रकरण म्हणून घेतली आहे. आधी तिचे मोजमाप करू, मग तिच्या मागे आणि पुढे काय आहे ते पाहू.

मोजणी

पहिल्या चार ओळी अशा:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

मात्रा मोजायची रीत सोपी आहे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ अक्षराची दोन. अनुस्वार असलेल्या अक्षराच्या दोन. आघात येणाऱ्या जोडाक्षराच्या आधीचे अक्षर ऱ्हस्व असले तरी त्याच्याही दोन. 'पिपांत' चार, 'मेले' चार, 'ओल्या' चार, 'उंदिर' चार, बेरीज सोळा. दुसरी ओळ: 'माना' चार, 'पडल्या' चार, 'मुरगळल्याविण' आठ, पुन्हा सोळा. तिसरीत 'ओठांवरती' आठ आणि 'ओठ मिळाले' आठ. चौथीत 'माना पडल्या' आठ आणि 'आसक्तीविण' आठ.

नवशिक्याची मोजणी इथे एका ठिकाणी हमखास फसते. 'पडल्या'मध्ये 'ल्या' हे जोडाक्षर आहे, म्हणून तो आधीच्या 'ड'च्या दोन मात्रा धरतो आणि ओळ सतरावर जाते. पण मराठीत 'पडल्या', 'बसल्या', 'तुमच्या' असे शब्द बोलताना जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर जोर येत नाही. 'ड' ऱ्हस्वच राहतो. 'आसक्ती'त मात्र 'क्ती'चा धक्का 'स'वर येतो आणि तो दोन मात्रांचा होतो. डोळ्यांना दोन्ही जोडाक्षरे सारखीच दिसतात, फरक कानाला कळतो. म्हणून मात्रा कागदावर मोजण्याआधी ओळ मोठ्याने म्हणावी.

थोडक्यात, ही पादाकुलक जाती: ओळीला सोळा मात्रा, चार-चारच्या गटांत. मराठी कवितेतल्या अगदी सरावाच्या चालींपैकी एक.

वृत्त सांभाळण्यासाठी कवीने काय मोजले तेही दिसते. बोलण्यात आणि शुद्धलेखनात शब्द 'उंदीर' असा आहे. तो तसा ठेवला तर पाच मात्रा होतात आणि ओळ सतराची होते. म्हणून 'उंदिर'. पुढच्या ओळींत 'गरीब'चा 'गरिब' झाला आहे आणि 'देऊन'चा 'देउन'. ही सूट पंडित कवींपासून चालत आलेली, वृत्तात लिहिणाऱ्या प्रत्येकाने घेतलेली. एखाद्या पुनर्मुद्रणात कुणी 'शुद्ध' म्हणून 'उंदीर' छापला की मोजणी बिघडते आणि विद्यार्थ्याला वाटते की कवीनेच वृत्त मोडले. अशी 'दुरुस्त' प्रत हाती असेल तर तिच्यावरून छंदाबद्दल काहीही बोलू नये. जुन्या लेखनाची प्रत शोधावी.

आता 'ओल्या' हा शब्द पाहा. पहिल्या वाचनात डोळा 'ओले उंदीर' असे वाचून पुढे जातो. पण 'ओल्या' हे सामान्यरूप आहे. ते जोडले जाते 'पिपांत'ला: ओल्या पिपांत उंदिर मेले. विशेषण आपल्या नामापासून तोडून पलीकडे फेकले आहे. हे मात्रांच्या गरजेपोटी झाले का? नाही, कारण 'ओले'च्याही चारच मात्रा होतात. 'पिपांत मेले ओले उंदिर' ही ओळ वृत्तात तितकीच चोख बसली असती. म्हणजे 'उंदिर' वृत्ताने करायला लावले, 'ओल्या' कवीने निवडले. वृत्तबद्ध कविता वाचताना ही दोन खाती वेगळी ठेवता आली तर निम्मे वाद तिथेच मिटतात. छंद सोडला की कवीला स्वातंत्र्य मिळते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या एका शब्दापाशी जरा थांबावे.

चालीचा एक धक्काही नोंदवण्याजोगा आहे. पुढे 'दिवस सांडला' असे आठ मात्रांचे पद येते. 'दिवस'च्या तीन, 'सांडला'च्या पाच. आठांचा हिशेब जुळतो, पण चार-चारचा ठेका मोडतो, कारण चौथी मात्रा 'सां'च्या मधोमध पडते. 'गरिब बिचारे'तही तीन-पाचच आहेत, पण तिथे चौथी मात्रा 'बि'वर संपते आणि ठेका अडखळत नाही. एका सुरात चाललेली कविता 'दिवस सांडला'पाशी किंचित लंगडते. हे मुद्दाम की आपोआप, यावर पैज लावू नये. कानाला जाणवते एवढे खरे.

मागे काय होते

हाच सांगाडा चोपन्न वर्षे आधी केशवसुतांनी 'तुतारी'त (१८९३) वापरला होता. 'एक तुतारी द्या मज आणुनि' मोजून पाहा: तीन आणि पाच, मग दोन, दोन आणि चार. सोळा. 'फुंकिन मी जी स्वप्राणाने' हीदेखील सोळा. इथे 'प्रा'च्या आघाताने 'स्व'च्या दोन मात्रा होतात. जुने जाऊ द्या म्हणणारी, बंडाची निशाणी मानली गेलेली ही कविता आणि पिपातल्या उंदरांची कविता एकाच मापाची आहेत. एकीत सोळा मात्रा हाक देतात. दुसरीत त्याच सोळा मात्रा एकसुरी वाजत राहतात, मरणाचा काहीही परिणाम न झालेल्या यंत्रासारख्या. 'माना पडल्या' दोनदा येते आणि दोन्ही वेळा ओळीच्या पहिल्या आठ मात्रांत, अगदी त्याच जागी. एकदा पुढे 'मुरगळल्याविण', एकदा 'आसक्तीविण'. 'ओठांवरती ओठ मिळाले' ही ओळ तर तोवरच्या प्रेमकवितेतून जशीच्या तशी उचलल्यासारखी आहे. ती मेलेल्या उंदरांच्या तोंडावर ठेवली आहे. वाचकाच्या कानात हे माप आधीपासून मुरलेले होते म्हणूनच हा घाव बसला. कोऱ्या छंदात तो बसला नसता.

मर्ढेकरांच्या कवितेवर तेव्हा दोन मोठे आक्षेप आले: दुर्बोधता आणि अश्लीलता. अश्लीलतेवरून 'काही कविता'वर खटलाही झाला आणि कवी निर्दोष सुटले. छंद मोडल्याचा आरोप मात्र मुख्य नव्हता. तो करायला जागाच नव्हती.

मुक्तछंद त्याआधीच मराठीत आला होता. अनिल म्हणजे आ. रा. देशपांडे यांचे 'भग्नमूर्ती' हे दीर्घकाव्य १९४० सालचे, मर्ढेकरांच्या संग्रहाच्या सात वर्षे आधीचे, आणि ते मुक्तछंदात आहे. तिथे ओळीची लांबी ठरलेली नाही, यमकाची सक्ती नाही. पण भाषा, चिंतनाची पद्धत, भूतकाळाकडे पाहण्याची नजर ही सारी आधीच्या पिढीच्या वाचकाला ओळखीची. तेव्हा मराठीत घडले ते असे: १९४० साली छंद सुटला तो जुन्या जाणिवेच्या हातून, आणि १९४७ साली जाणीव फुटली ती जुन्या छंदात. दोन्ही तडे एकाच दिवशी पडल्यासारखे शिकवले जातात, तिथेच 'तुटणे की चालू राहणे' या प्रश्नाचा गुंता सुरू होतो.

मुक्तछंदात मांडून पाहिले तर

मर्ढेकरांच्या पहिल्या दोन ओळी वृत्त काढून टाकून लिहू. शब्द शक्यतो तेच ठेवू, क्रम बोलण्यातला, लेखन नेहमीचे:

ओल्या पिपात
उंदीर मेले.
कुणी मुरगळल्या नाहीत,
तरी माना पडल्या.

अर्थ आला. काय गेले? पहिली गोष्ट म्हणजे 'तरी' हा शब्द घालावा लागला. मूळ ओळीत 'माना पडल्या' या आठ मात्रांनंतर जो थांबा येतो तोच 'तरी'चे काम करतो. तो थांबा गेला की जोडणी शब्दाने करावी लागते, आणि शब्दाने जोडणी केली की कवी समजावून सांगू लागल्यासारखे वाटते. मुक्तछंदात लिहायला सुरुवात करणाऱ्यांच्या कवितेत 'पण', 'तरी', 'म्हणून', 'जणू' यांची गर्दी होते ती याच कारणाने. चांगला मुक्तछंद लिहिणारा हे काम ओळ तोडण्याच्या जागेकडून करून घेतो. 'तरी' काढून 'माना पडल्या' एकट्यानेच वेगळ्या ओळीत ठेवले की थांबा परत मिळतो. मात्रांची यती गेली, तिच्या जागी कागदावरची कोरी जागा आली. काम तेच.

दुसरी गोष्ट मोजणाऱ्यांसाठी. या नव्या चार ओळींची अक्षरे मोजली तर पाच, पाच, दहा आणि सात भरतात. पाच-पाच आणि त्यांची दुप्पट! एखाद्या उत्साही समीक्षकाला इथे 'लपलेला छंद' सापडेल. प्रत्यक्षात या ओळी फक्त सरळ क्रमाने लिहिल्या आहेत, त्यांत कसलेही माप धरलेले नाही. मराठी शब्द बहुतेक दोन ते चार अक्षरांचे असतात. दोन-तीन शब्द एकत्र आले की पाच, सहा, आठ हे आकडे वारंवार पडतात. म्हणून मुक्तछंदात कुठेतरी आठ अक्षरे सापडली, म्हणजे ओवी-अभंग झिरपला, हा पुरावा होत नाही. सलग दहा-बारा ओळींत तेच माप त्याच जागी परत येत असेल, आणि ते मोडल्यावर अर्थालाही धक्का बसत असेल, तरच छंदाबद्दल बोलावे.

कोणत्या परंपरेशी तुटले

आतापर्यंत 'जुना छंद' असा एकच शब्द वापरला. पण मराठीत जुने एक नाही, किमान दोन टोके आहेत.

एका टोकाला अक्षरगणवृत्त. मोरोपंतांची 'केकावली' पृथ्वी वृत्तात आहे. 'सुसंगति सदा घडो; सुजनवाक्य कानी पडो' या चरणात सतरा अक्षरे आहेत, आणि त्यांतले प्रत्येक अक्षर लघु की गुरु हे आधीच ठरलेले आहे. पहिले लघु, दुसरे गुरु, मग तीन लघु, असे शेवटपर्यंत. एक अक्षर इकडचे तिकडे केले की पृथ्वी उरत नाही. या परंपरेपुढे ठेवला तर मुक्तछंद हा सरळ तुटणे आहे. त्यात वाद घालण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या टोकाला ज्ञानेश्वरीतली ओवी. पसायदानाच्या पहिल्या तीन ओव्या घ्या. 'आतां विश्वात्मकें देवें' आठ अक्षरे, 'येणें वाग्यज्ञें तोषावें' आठ, 'तोषोनि मज द्यावें' सात, 'पसायदान हें' सहा. पुढची: 'जे खळांची व्यंकटी सांडो' नऊ, 'तयां सत्कर्मीं रती वाढो' नऊ, 'भूतां परस्परें पडो' आठ, 'मैत्र जीवाचें' पाच. त्यापुढची: 'दुरिताचे तिमिर जावो' नऊ, 'विश्व स्वधर्मसूर्यें पाहो' नऊ, 'जो जे वांछील तो तें लाहो' नऊ, 'प्राणिजात' चार. सलग तीन ओव्यांत चौथा चरण सहा, पाच, चार असा बदलतो, आणि पहिले तीनही सगळ्या ओव्यांत एका मापाचे नाहीत. अक्षर लघु की गुरु याला इथे महत्त्वच नाही. तेराव्या शतकातल्या या रचनेत ओळीची लांबी वाक्य ठरवते.

मग मुक्तछंद म्हणजे ओवीच का? असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे निम्मे बरोबर आहे. पण ओवीत दोन गोष्टी पक्क्या आहेत. पहिल्या तीन चरणांना यमक: देवें, तोषावें, द्यावें, सांडो, वाढो, पडो. आणि चौथा चरण आखूड व बिनयमकाचा. माप सैल आहे, पण चार चरणांनी वळण पुरे होते आणि ते कुठे होणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. मुक्तछंदाच्या वाचकाला ओळ कुठे संपेल आणि कडवे कुठे वळेल हे आधी कळत नाही. लांबीच्या मोकळेपणात मुक्तछंद ओवीच्या वंशातला आहे. अपेक्षेच्या बाबतीत नाही.

अभंगाचे काय, हा प्रश्न जास्त अवघड, आणि माझ्या मते खरा तडा तिथे दिसतो. तुकोबांचा मोठा अभंग सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा. 'सुंदर ते ध्यान' सहा, 'उभे विटेवरी' सहा, 'कर कटावरी' सहा, 'ठेवोनियां' चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. हा हिशेब लिहिलेल्या अक्षरांचा आहे, आणि गाताना तो तंतोतंत खरा ठरतो, कारण गाताना 'सुंदर'मधला शेवटचा अकार आणि 'ध्यान'मधला 'न' पूर्ण उच्चारले जातात. टाळ त्यांच्यावर पडतो. आता हीच ओळ गद्यासारखी, आजच्या बोलण्यातल्यासारखी वाचा. 'सुन्-दर्-ते-ध्यान्' चार उच्चार. 'उभे विटेवरी' सहा. 'कर् कटावरी' पाच. 'ठेवोनियां' चार. सहा-सहा-सहा-चारचे चार-सहा-पाच-चार झाले. एकही अक्षर न बदलता, केवळ गाण्याऐवजी वाचल्याने, अभंगाचा मुक्तछंद झाला.

छापील पुस्तक हातात घेऊन मनात वाचणारा वाचक वाढला, तेव्हा अक्षरसंख्येच्या छंदांचे माप आपोआप पातळ झाले. कवीने ते मोडण्याआधीच वाचकाच्या तोंडातून सुटले होते. मात्रांच्या जातींना हा फटका कमी बसतो. 'उंदिर' पूर्ण म्हणा की 'उंदिर्' म्हणून तोडा, दोन मात्रा 'उं'च्या आणि दोन 'दिर'च्या कानाला मिळतातच. छापून वाचण्याच्या काळात मर्ढेकरांची ही कविता टिकाऊ ठरली त्यात या गोष्टीचाही वाटा असावा. त्यांनीच अष्टाक्षरीत लिहिलेली 'कितीतरी दिवसांत / नाही चांदण्यांत गेलो' ही कविता मात्र मनात वाचताना थोडी सैल पडते. 'दिवसांत'चा 'त' पूर्ण उच्चारला तर आठ अक्षरे भरतात. बोलण्यातल्यासारखा गिळला तर एक अक्षर कमी पडते. ही कविता मोठ्याने, किंचित लांबवून म्हणावी लागते. म्हटली की माप परत येते.

तेव्हा एखाद्या मुक्तछंदातल्या कवितेबद्दल 'परंपरा मोडली' किंवा 'परंपरा पुढे नेली' असे लिहिण्याआधी, कशाची परंपरा ते आधी सांगावे लागते: लघु-गुरूंची, मात्रांची, अक्षरांची, की गाण्याची. त्यांतली एक मोडून दुसरी शाबूत राहू शकते. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'त (१९७२) पहिल्या तिन्ही नाहीत. तिथे चौथीशी थोडे नाते उरते असे म्हणता येईल, कारण त्या कविता डोळ्यांपेक्षा तोंडासाठी आहेत. समोरच्याला उद्देशून केलेले बोलणे आणि एकावर एक रचत जाणाऱ्या याद्या यांवर त्या उभ्या आहेत. पण याला छंदाचे सातत्य म्हणू नये. ते वक्तृत्वाचे आहे. ढसाळांच्या ओळीत ओवी शोधायला निघालेला हाती आलेल्या अक्षरसंख्येवर समाधान मानतो आणि कवितेची खरी ताकद, म्हणजे मापात कधीच न बसलेली बोली, त्याच्या नजरेतून सुटते.

काळाची रेघही सरळ पुढे जात नाही. 'गोलपिठा' आला आणि चार वर्षांनी, १९७६ मध्ये, अनिलांचा 'दशपदी' हा संग्रह आला. ज्यांनी १९४० साली ओळीला मोकळे सोडले, त्यांनीच आता स्वतःला दहा ओळींच्या ठरलेल्या बांधणीत बसवले होते, आणि त्याच संग्रहाला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.